गोल दगडाचा फोटो

विहीर खणताना, बांध सपाट करताना किंवा रस्त्यासाठी टेकडीची कड कापताना एखादा गोल दगड निघाला की आपल्याकडे त्याची नावं ठरलेली असतात. शेंदूर लागला तर देव, नाही तर डायनासोरचं अंडं. आणि फारच काळा असेल तर उल्का. मग त्याचा फोटो निघतो, गावच्या ग्रुपवर जातो, तिथून भाच्याकडे, भाच्याकडून त्याच्या कॉलेजच्या मित्राकडे, आणि कधीतरी माझ्याकडे येतो. माझी नोकरी भूशास्त्र शिकवण्यात गेली, हे कुणाला तरी माहीत असतं.

फोटोसोबत एकच ओळ असते: "मॅडम, हे काय आहे?"

या प्रश्नाचं उत्तर फोटोत सहसा नसतं. फोटो दाखवतो रंग आणि आकार, आणि दगड ओळखताना याच दोन गोष्टींवर सगळ्यात कमी भरवसा ठेवायचा असतो. रंग पावसाने, मातीने, लोहाच्या गंजाने बदलतो. गोल आकार तर नदी देते, वारा-पाऊस देतो, लाव्हारसातला बुडबुडा देतो, आणि डायनासोरची मादीही देते. तरी मी फोटो परत पाठवत नाही. त्यातून चार-पाच शक्यता उरतात आणि त्यातल्या कोणत्या गळतील हे पुढच्या दोन-तीन प्रश्नांवर ठरतं.

पारनेर तालुक्यातून आलेला एक फोटो सांगते. शेतकऱ्याने जेसीबी लावून उतार मोडला होता. मोडलेल्या जागी तांबूस मुरमात तीन गोल दगड शेजारी शेजारी बसलेले. वरून घेतलेला फोटो, दुपारच्या उन्हात, सावल्या कडक. मोजमापाला काहीच नाही. "घरटं आहे मॅडम, तीन अंडी आहेत," असा निरोप.

खरं सांगायचं तर पारनेर हे नाव वाचलं तेव्हाच निम्मं काम झालं होतं. तरी मी त्याला लगेच काही बोलले नाही, कारण "तुमच्या तालुक्यात डायनासोर सापडत नाहीत" एवढं सांगून माणसाचं समाधान होत नाही आणि व्हायलाही नको. मी तीन गोष्टी मागितल्या. दगडाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून एक फोटो. दहा पावलं मागे जाऊन, जेसीबीने कापलेली सगळी भिंत दिसेल असा एक. आणि तिथेच एखादा आधीच फुटलेला दगड पडला असेल तर त्याच्या फुटलेल्या बाजूचा, सावलीत घेतलेला एक. मुद्दाम फोडू नका, असंही लिहिलं.

नाणं का, ते उघड आहे. दहाचं नाणं २७ मिलिमीटर व्यासाचं असतं, त्यामुळे फोटोतला प्रत्येक दगड मोजता येतो. लोक पेन ठेवतात, चप्पल ठेवतात, एकाने कोंबडी उभी केली होती. चालतं सगळं, फक्त ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे ते बरं. नाणं दगडाच्या पुढे किंवा मागे न ठेवता दगडाच्याच पातळीवर ठेवायचं, नाही तर जवळची वस्तू मोठी दिसून माप फसतं.

नाण्याचा फोटो आला. एक दगड साधारण ११ सेंटिमीटर, दुसरा १९, तिसरा २६. इथे अंड्याची बाजू पहिल्यांदा लंगडी पडली. एका घरट्यातली अंडी एका मादीची असतात आणि बऱ्यापैकी एकाच मापाची असतात. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली, त्याचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ती अंडी १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची आहेत. एकाच ओळीत ११ आणि २६ असा फरक अंड्यांत बसत नाही.

पण खरं उत्तर भिंतीच्या फोटोत होतं. भिंतीत असे गोटे आणखी खूप होते, वर ताडाच्या फळाएवढे, खाली बैलगाडीच्या चाकाएवढे. आणि त्यांच्यामधून उभ्या-आडव्या रेषा गेलेल्या. प्रत्येक गोटा दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषांच्या चौकटीत बरोबर मध्यभागी. घरट्याला अशी चौकट नसते.

हे कसं घडतं ते त्या शेतकऱ्याला मी फोनवर सांगितलं, कारण हे लिहून सांगण्यापेक्षा बोलून सोपं जातं. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला. थिजताना तो आकसतो आणि त्याला भेगा पडतात. त्या भेगांनी खडकाचे चौकोनी ठोकळे होतात. मग भेगांतून पावसाचं पाणी आत शिरतं आणि ठोकळा बाहेरून सडवायला लागतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेने चढाई करतं, कडेवर दोन बाजूंनी आणि कोपऱ्यावर तीन बाजूंनी. म्हणून कोपरे आधी जातात, मग कडा, आणि चौकोनाचा हळूहळू गोल होतो. सडलेला भाग कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो, त्याचा शेवटी मुरूम होतो, आणि मध्ये न सडलेला कठीण गाभा गोल गोट्याच्या रूपात उरतो. ज्या मुरमात त्याला अंडी बसलेली दिसली, तो मुरूम त्या गोट्यांचंच उतरलेलं कातडं होता.

"मग ते गुळगुळीत कसं?" त्याने विचारलं.

गुळगुळीत वाटतं ते जेसीबीचं बकेट घासल्यामुळे. मी त्याला पाणी ओतून हात फिरवायला सांगितलं. ओल्या दगडावर बारीक खडबडीतपणा आणि पांढुरके ठिपके दिसले. ते फेल्डस्पार या खनिजाचे कण. दगड ओला केला की त्याचा खरा पोत दिसतो, म्हणून मी नेहमी एक कोरडा आणि एक ओला असे दोन्ही फोटो मागते. कोरड्यावर वरची धूळ आणि गंज दिसतो, ओल्यावर आतले कण.

तिसरा फोटो, फुटलेल्या दगडाचा, आला तेव्हा वादच संपला. त्यात बाहेरून आत पाच-सहा तपकिरी वळी, एकात एक, आणि मध्ये करडा-काळा, घट्ट, एकसारखा दगड. अंड्याला कवच असतं एकच. टायटॅनोसॉरच्या अंड्याचं कवच साधारण १ ते ३ मिलिमीटर जाडीचं, काही प्रकारांत त्याहून थोडं जाड. त्याच्या आत बहुतेक वेळा बाहेरच्यासारखाच गाळ भरलेला असतो, कारण अंडं फुटल्यावर त्यात तोच गाळ शिरला. म्हणजे खऱ्या अंड्याच्या तुटलेल्या बाजूला दोन्हीकडे एकच खडक आणि मध्ये पातळशी, वेगळ्या रंगाची एक रेघ दिसते. सडलेल्या बेसॉल्टच्या गोट्यात अनेक वळी आणि त्यांची जाडी कुठे दोन मिलिमीटर, कुठे दोन सेंटिमीटर. एक रेघ की अनेक वळी, एवढा एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर मी तोच विचारीन.

मध्ये एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला फार आवडते. खरं अंडं फोटोत अंड्यासारखं कमी दिसतं. गुजरातेत बालासिनोरजवळ किंवा जबलपूरच्या आसपास ज्या खडकांत ती सापडली, तिथे अंडी बहुधा कठीण चुनखडकात रुतलेली असतात. वरचा निम्मा भाग झिजून गेलेला, उरलेलं एक वर्तुळ, तेही चेपलेलं, तडकलेलं. सपाट खडकावर पुसट कडं काढल्यागत. छान गोल, सुटा, हातात मावणारा दगड फोटोत अंड्यासारखा जितका दिसेल, तितकी माझी शंका वाढते. अर्थात नियमाला अपवाद आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये बातमी आली होती की धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक पिढ्यान्‌पिढ्या शेतातले गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत होते, आणि ते टायटॅनोसॉरची अंडी निघाले. सुटे, गोल, शेतातले. तेच दगड पारनेरच्या फोटोत असते तर मी नाही म्हटलं असतं आणि तिथल्या फोटोत असते तर थांबले असते, कारण पाडल्याची जमीन निराळी आहे.

म्हणूनच सगळ्यात जास्त शक्यता गाळणारा तपशील फोटोत नसतो. तो म्हणजे गाव.

डायनासोरांची हाडं आणि अंडी आपल्या भागात ज्या खडकांत सापडतात त्यांना लमेटा म्हणतात. नर्मदेकाठच्या लमेटा घाटावरून हे नाव. ते नद्या-तळ्यांच्या गाळाचे, चुनखडीचे थर आहेत, आणि ते बहुतेक ठिकाणी लाव्हाच्या खाली आहेत. लाव्हा वाहत आला तो हजार अंशांच्या वर तापलेला. त्याच्या आत अंडं टिकायचा प्रश्नच येत नाही. जिथे लाव्हाची चादर पातळ आहे किंवा संपते, तिथे खालचे हे थर उघडे पडतात: नागपूर, चंद्रपूरचा काही भाग, जबलपूर, धार, गुजरातचा पूर्वेकडचा पट्टा. पश्चिम महाराष्ट्रात ती चादर भयानक जाड आहे. अगदी मराठवाड्यातही, किल्लारीत भूकंपानंतर घेतलेल्या खोल छिद्रात बेसॉल्ट ३३८ मीटर लागला आणि त्याखाली गाळाचा पातळ थर. कोयनेच्या बाजूला तो ९०० मीटरच्याही खाली जातो. पारनेरच्या शेतात जेसीबी तीन मीटर खाली गेली तरी ती लाव्हाच्याच पोटात असते.

म्हणून मी गाव विचारते, तालुका विचारते, आणि त्याहून एक प्रश्न पुढे जाते: दगड जमिनीतच रुतलेला होता की आणून टाकलेला? हा प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो. पण रस्त्याच्या भरावाचा मुरूम कुठून आला याचा पत्ता नसतो, आणि नदीपात्रातला गोटा वरच्या दोन जिल्ह्यांतला असू शकतो. बंगल्याच्या बागेत शोभेसाठी आणलेल्या गोट्यांबद्दल मला विचारू नका. विहिरीच्या ढिगातला असेल तर विहिरीची खोली आणि कोणत्या थरातून निघाला, एवढं तरी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर आपल्या गावाखाली कोणता खडक आहे ते नकाशावर बघता येतं, आणि ते बघितल्यावर शक्यतांची यादी अर्धी होते. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातली जागेची नोंद निघून जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोनमध्ये ती नोंद चालू असेल तेव्हा अक्षांश-रेखांश सोबत येतात. पण लोक ग्रुपमध्ये फोटो पुढे ढकलत राहतात आणि माझ्यापर्यंत येईतो गाव हरवलेलं असतं. मग मी अंदाज करत नाही. "गाव सांगा" एवढंच लिहिते.

गोल दगडांच्या बाकीच्या उमेदवारांबद्दल थोडक्यात. बेसॉल्टमधल्या जुन्या बुडबुड्यांच्या पोकळीत गारगोटी भरून गोळे होतात. बाहेरून खडबडीत, खाचाखाचांचे, आतून पांढरे किंवा निळसर, कधी पोकळ. यांच्यावर चाकू चालत नाही, उलट ते काचेवर ओरखडा उठवतात. काळ्या मातीतले चुनखडीचे खडे वेडेवाकडे असतात आणि क्वचितच मुठीएवढे होतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ते फसफसतात. इथे एक अडचण आहे. अंड्याचं कवचही कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचं असतं, म्हणून तेही फसफसतं, आणि ज्यात ते बसलंय तो चुनखडकही फसफसतो. म्हणजे फेस न येणं हे अंड्याच्या विरोधात जातं, फेस येणं मात्र अंड्याच्या बाजूने फारसं काही सांगत नाही. व्हिनेगरने करणार असाल तर बुडबुडे सावकाश आणि बारीक येतात, भिंगातून बघावे लागतात. आणि थेंब मुख्य दगडावर कधी टाकू नये. शेजारी पडलेल्या कणावर टाकावा. जर ते खरंच कवच निघालं तर त्याचा पृष्ठभाग आपणच खाऊन टाकलेला असायचा.

वजनावर लोकांचा फार विश्वास. "फार जड आहे मॅडम" हे वाक्य मी रोज ऐकते. १५ सेंटिमीटर व्यासाचा ताज्या बेसॉल्टचा गोळा पाच किलोच्या थोडा वर भरतो, आणि तेवढाच चुनखडकाने भरलेला गोळा साडेचार किलोच्या आसपास. हाताला हा फरक कळत नाही. वजन उपयोगी पडतं ते दोन टोकांना. गोळा त्याच्या मापाच्या मानाने हलका निघाला तर आत पोकळ आहे, म्हणजे गारगोटीचा. आणि दुपटीहून जड निघाला तर लोह आहे का बघायचं, चुंबक लावायचं. पण बेसॉल्टलाही चुंबक थोडा ओढतो, तेव्हा चुंबक चिकटला म्हणजे उल्का असं नाही.

पारनेरच्या माणसाने शेवटी विचारलं, "मग यांचं काय करू?" मी म्हटलं, बांधाला लावा. दगड चांगले होते, काही पिढ्या टिकतील.

त्याच्या उलट एक फोटो चंद्रपूर जिल्ह्यातून, वरोरा तालुक्यातून आला. पाठवणारे तिथल्या शाळेत शिक्षक. नऊ-दहा सेंटिमीटर लांबीचा, तपकिरी, लांबट गोल दगड, एका बाजूला किंचित निमुळता. नाण्याशेजारी ठेवलेला, आणि फोटो सकाळच्या उजेडात, कसा घ्यावा तसा. प्रश्न तोच: अंडं आहे का?

गाव वाचल्यावर मी खुर्चीत सरळ बसले. त्याच तालुक्यात पिसदुरा आहे. तिथल्या लमेटा खडकांतून एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या रेव्हरंड हिस्लॉप यांच्या काळापासून डायनासोरांची हाडं गोळा होत आली आहेत, आणि हाडांहून जास्त संख्येने तिथे मिळतात ते विष्ठेचे अश्म. टायटॅनोसॉर जिथे चरले तिथेच त्यांनी शेण टाकलं आणि ते दगड झालं. या शेणाच्या गोळ्यांतून गवताच्या सूक्ष्म सिलिका-कणांचे अवशेष मिळाले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. डायनासोर गवत खात होते हे जगाला कळलं ते आपल्या चंद्रपूरच्या शेणामुळे.

तेव्हा इथे "नाही" म्हणायची घाई नव्हती, पण "अंडं" म्हणायलाही कारण नव्हतं. दहा सेंटिमीटर लांब, म्हणजे टायटॅनोसॉरच्या अंड्यापेक्षा बराच लहान. टायटॅनोसॉरची अंडी जवळपास गोल असतात, हा लांबट. मी सरांना विचारलं: अंगावर आडव्या उथळ वळ्या आहेत का? एक टोक दुसऱ्याहून वेगळं आहे का? कडेला कवचासारखी पातळ रेघ कुठे दिसते का? त्यांनी दगड फिरवून चारही बाजूंचे आणि दोन्ही टोकांचे फोटो पाठवले. एका बाजूने तो नुसता गोटा दिसत होता. दुसऱ्या बाजूने वळ्या होत्या, एक टोक चेपलेलं होतं, आणि कवच कुठेच नव्हतं. लोक दगडाची सगळ्यात छान दिसणारी बाजू पाठवतात. मला नेहमी वाईट दिसणारी बाजू हवी असते, जिथे टवका उडालाय, जिथे तो खडकाला चिकटलेला होता.

मग त्यांनी शेजारच्या एका टवक्यावर आम्लाचा थेंब टाकला. फक्त भेगेतल्या पांढऱ्या रेषेवर फेस आला, बाकी गप्प. चाकूने ओरखडा जेमतेम उठला. म्हणजे चुना नव्हे, गारगोटीही नव्हे. विष्ठेचे अश्म बहुधा फॉस्फेटचे असतात, त्याच्याशी हे जुळत होतं. पण लोहमिश्रित चिकणमातीचा साधा गोळाही असाच वागू शकतो, आणि फोटोवरून त्या दोघांत निवड करता येत नाही. मी त्यांना तसंच कळवलं: अंडं नाही हे जवळपास नक्की, शेण असण्याची शक्यता चांगली, तिसरी शक्यता मातीचा गोळा.

"शेण?" सर म्हणाले. वर्गात काय सांगायचं याची त्यांना काळजी पडली असावी. मग हसून म्हणाले, पोरं अंड्यापेक्षा यावरच जास्त खूश होतील.

निवड करायची तर दगडाचा काप घ्यावा लागतो, ०.०३ मिलिमीटर जाडीचा, ज्यातून उजेड आरपार जातो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात वनस्पतींचे तुकडे दिसले तर शेण, नुसते मातीचे आणि लोहाचे कण दिसले तर गोळा. सरांनी तो दगड जिथे सापडला तिथे खुंटी ठोकून ठेवली, आसपासचे बाकीचे दगड हलवू नका असं शेतमालकाला सांगितलं, आणि एक तुकडा नागपूरला भूशास्त्र विभागात द्यायला घेऊन गेले. सोबत मी त्यांना एका कागदावर गाव, शेताची जागा, किती खोलीवर, कोणत्या थरावर आणि कोणत्या दिवशी एवढं लिहून द्यायला लावलं, कारण तिथेही पहिला प्रश्न तोच येणार होता.